नोकरी बदलली, तर १२बी भरला का?

पिरंगुटच्या कारखान्यातून वर्षाच्या मध्यात हिंजवडीला जाणारे बरेच. त्यांच्यासाठी २०२५-२६ चा, नव्या करप्रणालीतला काल्पनिक हिशेब मांडतो.

एप्रिल ते सप्टेंबर महिना १ लाख, म्हणजे ६ लाख. ऑक्टोबरपासून दीड लाख, म्हणजे ९ लाख. जुनी कंपनी वर्षाचे १२ लाख धरते, ७५ हजारांची प्रमाणित वजावट देते आणि कर शून्य काढते. नवीन कंपनीला फक्त आपले ९ लाख दिसतात. तिचाही कर शून्य! दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबरच आहे. पण खरं उत्पन्न १५ लाख. वजावट एकदाच मिळते, म्हणून करपात्र १४.२५ लाख. १२ लाखांपर्यंतची करसवलत गेली. कर ९३,७५० आणि ४ टक्के उपकर धरून ९७,५००. तो जुलैत रिटर्न भरताना अंगावर येतो, वर व्याज वेगळं.

उपाय साधा आहे. रुजू होतानाच नव्या कंपनीच्या एचआरकडे फॉर्म १२बी द्या. त्यात जुना पगार, पीएफ आणि कापलेला टीडीएस लिहायचा. ऑक्टोबरमध्ये दिलात तर महिना १६,२५० कापले जातील. जानेवारीत जाग आली तर ३२,५००. नवीन पगारपावतीवर टीडीएस शून्य दिसला की खूश होऊ नका, आधी दोन्हीकडचे पगार जोडून बघा.

मार्चचा पगारही निघून गेला असेल, तर ३१ मार्चपूर्वी आयकर पोर्टलवर अग्रिम कर स्वतःच भरा. थोडं व्याज तरी लागेलच, पण एप्रिलपासून दरमहा चढणारं एक टक्का वाचेल.