फोटो खोटा वाटतोय? मूळ फाइल मागा

पुण्यातला भाडेकरू घर सोडतो. आठवड्याने मालक व्हॉट्सॲपवर ओट्यामागच्या फरशांचा फोटो पाठवतात. त्यात जळाल्याचा काळा डाग असतो आणि त्यापायी अनामतीतून पंधरा हजार कापलेले असतात. किल्ली देतानाच्या भाडेकरूच्या व्हिडिओत त्याच फरशा स्वच्छ आहेत. फोटो मोठा करून पाहिला, तर डागाखाली फरशांमधली सांध्याची रेघ मध्येच तुटलेली दिसते.

अशा वेळी ‘तुम्ही फोटोत फेरफार केला’ असा थेट आरोप करू नये, कारण तो सिद्ध करावा लागतो. माझ्या मते असं लिहावं:

‘काका, नमस्कार. ३१ तारखेला किल्ली दिली, तेव्हाचा व्हिडिओ सोबत आहे. त्यात हा डाग नाही. तुमच्या फोटोची मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवाल का? डाग आपण एकत्र पाहू. तोवर वाद नसलेली उरलेली अनामत कृपया परत करा.’

‘डॉक्युमेंट’ म्हणायचं कारण असं, की व्हॉट्सॲप साधा फोटो दाबून लहान करतं आणि फोटो काढल्याची तारीख, कॅमेरा या नोंदी त्यातून निघून जातात. म्हणून नोंदी नसणं हा फेरफाराचा पुरावा नव्हे. असलेल्या नोंदीही बदलता येतात. खरा निवाडा भिंतीपाशीच होतो: डाग तिथे आहे की नाही, हे दोघांनी उभं राहून पाहावं.