कर्ज फिटलं, तरी ‘सिबिल’मध्ये थकबाकीदार? बँकेला पत्र असं लिहा

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. समजा, इथल्या एका मिरची उत्पादकाचं ९० हजारांचं पीककर्ज महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेतून २०२० मध्ये फिटलं. आता ठिबकसाठी कर्ज मागायला तो दुसऱ्या बँकेत गेला, तर तिथे स्क्रीनवर त्याच्या नावापुढे ९७ हजारांची थकबाकी दिसते. पैसे तर सरकारने कधीच भरलेत. मग हे नाव अजून तिथे कसं?

उत्तर बहुतेकदा अहवालातच सापडतं. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. तो डाउनलोड करा आणि स्कोअरकडे नंतर बघा. आधी त्या कर्जखात्यासमोरचं `Date Reported` वाचा. तिथे २०२० मधली, कर्जमुक्तीची रक्कम जमा होण्याआधीची तारीख असेल, तर बँकेने त्यानंतर त्या खात्याची माहितीच पाठवलेली नाही. जुनं चित्र तसंच गोठून राहिलंय. तारीख ताजी असूनही `Amount Overdue` मध्ये रक्कम असेल, तर बँकेच्या स्वतःच्या संगणकात खातं बंद झालेलं नाही. अशा वेळी आधी खाते उतारा मागा. आणि खाते क्रमांकच ओळखीचा नसेल, तर नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर चढलेलं असू शकतं.

सिबिलकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण ती कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही. ती बँकेला विचारते, आणि बँक ‘हो’ म्हणाली तरच दुरुस्ती होते. म्हणून मुख्य पत्र जायला हवं ते कर्ज देणाऱ्या शाखेला.

पत्रात गाऱ्हाणं कमी आणि आकडे जास्त असावेत. आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्याचं पत्र साधारण असं होईल:

“मा. शाखा व्यवस्थापक, माझे पीककर्ज खाते क्र. … कर्जमुक्ती योजनेतून दि. … रोजी रु. … जमा होऊन बंद झाले आहे. तरीही दि. … च्या क्रेडिट अहवालात या खात्यावर रु. ९७,००० थकबाकी दिसते. कृपया खाते ‘Closed’, `Current Balance` शून्य व `Amount Overdue` शून्य अशी दुरुस्त माहिती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवावी व तसे मला लेखी कळवावे. दुरुस्ती नाकारल्यास कारण लेखी द्यावे.”

सोबत अहवालाचं ते पान, रक्कम जमा झाल्याची नोंद असलेला खाते उतारा, बेबाकी दाखला आणि आधार प्रमाणीकरणाची पावती जोडा. ‘चारही कंपन्यांना’ हे शब्द गाळू नका. नाहीतर सिबिलमध्ये दुरुस्ती होते आणि पुढची बँक नेमका क्रिफचा अहवाल काढते!

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शाखा टाळाटाळ करत असेल, तर स्पीड पोस्टने पाठवा किंवा बँकेच्या तक्रार ईमेलवर टाका. दिवस याच तारखेपासून मोजले जातात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची आणि ३० दिवसांत तक्रार मिटायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. म्हणजे १ जूनला दिलेली तक्रार ४५ व्या दिवशी मिटली, तर १५ दिवसांचे १,५०० रुपये. ही रक्कम तुमच्या खात्यात यायला हवी, पण हातात तारखेचा शिक्का नसेल तर ती मागणार कशाच्या आधारावर?

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्या. रक्कम जमा होण्याआधी कर्ज खरोखर थकलेलं होतं. त्या महिन्यांचे उशिराचे आकडे अहवालात राहू शकतात आणि ते खोटे नाहीत, त्यामुळे ‘सगळा इतिहास पुसा’ अशी मागणी फेटाळली जाईल. बँकेशी तडजोड करून कमी रक्कम भरली असेल, तर `Settled` हा शेराही बरोबरच ठरतो. दुरुस्ती मिळते ती चुकीच्या नोंदीची. म्हणूनच पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटकडे या पत्रापेक्षा वेगळं काही नसतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे शिक्क्याची प्रत अपलोड करा. दुरुस्ती झाल्याचं पत्र बँकेकडून आलं, तरी काही आठवड्यांनी अहवाल पुन्हा काढा आणि `Date Reported` नवी झाली का, ते स्वतः तपासा.