गुलाबाला पाने उदंड, मग फुले कुठे अडतात?

रोपवाटिकेत मिळणारे बहुतेक गुलाब वर्षभर फुलणाऱ्या जातींचे असतात. त्यांना कळी धरायला दिवस लहान किंवा मोठा व्हावा लागत नाही. चांगल्या पोसलेल्या प्रत्येक नव्या फुटव्याच्या शेंड्याला कळी यावी, अशीच या जातींची घडण आहे. त्यामुळे झाड पानांनी भरूनही कळी दिसत नसेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो फुटवा मूळ जातीचा नसतो, नाही तर शेंड्याची कळी अगदी बारीक असतानाच जिरलेली असते.

पहिली शक्यता आधी तपासावी, कारण ती खरी असेल तर छाटणी आणि खत दोन्ही वाया जातात. विकतचा गुलाब म्हणजे बहुधा जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरून केलेले कलम. डोळा भरलेल्या जागी खोडाला गाठ दिसते. या गाठीच्या खालून किंवा मातीतून आलेला फुटवा खुंटाचा असतो. तो सरळ आणि झपाट्याने वाढतो, त्याची पाने सहसा फिकट असतात आणि एका पानात बहुधा सात पर्णिका असतात. काही चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात, म्हणून केवळ पर्णिका मोजून निर्णय घेऊ नये. माती बाजूला करून फुटवा कुठून निघाला ते पाहावे. खुंटाचा फुटवा वरून कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून तो पुन्हा येतो, म्हणून तो बुडाशी धरून खाली ओढत मुळापासून उपटावा. वेळेवर काढला नाही, तर खुंट सगळे अन्न खातो, वरचे कलम वाळते आणि जंगली झुडूप तेवढे उरते.

फुटवा गाठीच्या वरचा असूनही शेंड्याला नुसतीच पाने असतील, तर त्याला वांझ फुटवा म्हणतात. त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अपुरे ऊन. सावलीत पाने जेमतेम स्वतःपुरते अन्न करतात आणि नवी कळी उपाशी राहते. रोज किमान सहा तास थेट ऊन हवे, त्यातही सकाळचे अधिक चांगले. इमारतींमधल्या कुंड्यांना दिशेचा फटका बसतो. सप्टेंबरअखेरीपासून सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे महाराष्ट्रात गुलाबाचा मुख्य हंगाम सुरू होतो तेव्हाच उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन येणे बंद होते. तिथला गुलाब पावसाळ्यात हिरवागार झाला, तरी हिवाळ्यात फुलत नाही. त्याची जागा बदलल्याशिवाय दुसरा उपाय नाही.

यानंतर छाटणी. न छाटलेल्या झाडाला जुन्या फांद्यांच्या टोकाला काडीसारखे बारीक फुटवे येतात आणि तेच सर्वाधिक वांझ निघतात. महाराष्ट्रात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला मुख्य छाटणी करतात. वाळलेल्या, रोगट आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या बुडापासून काढाव्यात. तीन-चार जाड फांद्या ठेवून प्रत्येकीवर चार-पाच डोळे राखावेत. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका घ्यावा. साधारण सहा ते सात आठवड्यांत फुले येतात. या काळात शेंडे खुडत राहिल्यास कळीच खुडली जाते. वांझ फुटवा निम्म्यावर, जोमदार पाच पर्णिकांच्या पानावर कापला, तर खालचा डोळा फुटून कळी धरू शकतो. वर्षातून एकदाच फुलणारे काही जुने वेलगुलाब याला अपवाद आहेत. ते मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतात, म्हणून त्यांची छाटणी बहर संपल्यावर करावी.

खताचा विचार शेवटी करावा. नत्र पाने वाढवते. युरिया किंवा ताजे शेण वारंवार घातले की फुटवे लांब, मऊ आणि गर्द हिरवे होतात. सावलीची जोड मिळाली, तर कळी आणखी मागे पडते. अशा झाडाला नुसते नत्र देणारे खत थांबवावे.

समजा, पुण्यातल्या एका बाल्कनीत बारा इंची कुंडीतल्या गुलाबाची उंची चार फूट आहे, ऊन दोन तास मिळते आणि दर महिन्याला युरिया पडतो. फांद्या गाठीच्या वरूनच आलेल्या आहेत. अशा वेळी आधी युरिया बंद करून कुंडी दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या भरपूर उन्हात हलवावी, पंधरा दिवसांनी वरीलप्रमाणे छाटणी करावी आणि तेव्हाच दोन ओंजळी कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळावी. कोंब बोटभर झाल्यावर 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी एकदा द्यावे. हाडांचा चुरा सावकाश लागू होतो आणि चुनखडीच्या मातीत त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून लगेच फुले हवीत तर त्यावर विसंबू नये. ऑक्टोबरमध्ये छाटलेले झाड डिसेंबरच्या सुरुवातीला फुलले नाही आणि फुटवे पुन्हा वांझ निघाले, तर खत वाढवण्याआधी उन्हाचे तास पुन्हा मोजावेत.