कचेरीतील इंग्रजी आणि दूरदेशीचा वाचक

आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांतून, बँकांतून आणि व्यापारी पेढ्यांतून रोज जी इंग्रजी पत्रे बाहेर पडतात, त्यांत ‘काइंडली डू द नीडफुल’ हे वाक्य इतक्या सहजपणे येते की ते लिहिणाऱ्याला वा वाचणाऱ्याला त्यात काही विशेष आहे असे वाटत नाही. परंतु तेच पत्र हँबुर्गच्या एखाद्या आयातदाराच्या वा टोरांटोच्या एखाद्या हिशेबनिसाच्या हाती पडले, म्हणजे आपण नेमके काय करावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. हा प्रयोग अर्धवट इंग्रजी शिकलेल्या भारतीय कारकुनाने बनविला, असा समज आपल्याकडेही दृढ आहे, आणि तो चुकीचा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत खुद्द इंग्लंडातील व्यापारी आणि वकील आपल्या पत्रव्यवहारात हे शब्द निःसंकोच वापरीत. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या राज्यकारभाराबरोबर ते आपल्या दफ्तरांत आले. आणि इंग्लंडात विसाव्या शतकाच्या ओघात ते मागे पडले, तरी येथे टिकून राहिले. ब्रिटिश अर्थखात्याच्या सूचनेवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिले आणि 1948 साली ते प्रसिद्ध झाले. सरकारी लेखनातील शिळी, ठोकळेबाज भाषा काढून टाकावी, या हेतूने तिकडे झालेल्या त्या खटाटोपाच्या वेळी आपला देश नुकताच स्वतंत्र झाला होता, आणि येथील मसुदे मात्र जुन्याच वळणाने लिहिले जात राहिले.

हा प्रयोग येथे टिकला याचे कारण आपल्या मिसलीच्या रचनेत सापडते. कचेरीतील कागद एकटा कधीच फिरत नाही. त्याच्या मागे पूर्वीचा सगळा पत्रव्यवहार असतो, सोबत टिप्पणी असते, आणि ती टिप्पणी कारकुनाकडून कक्ष अधिकाऱ्याकडे, तेथून अवर सचिवाकडे अशी पायरीपायरीने चढत जाते. अशा ठिकाणी ‘आवश्यक त्या कार्यवाहीस्तव सादर’ एवढे लिहिले तरी पुरते; कारण आवश्यक काय, ते मिसलीतच नमूद असते, आणि वरिष्ठाने काय करावे हे कनिष्ठाने उघडपणे सांगितल्याचा उद्धटपणाही टळतो. म्हणजे या वाक्यातील मोकळी जागा पूर्वीच्या कागदांनी भरलेली असते. परदेशी वाचकाजवळ ती मिसल नसते, म्हणून त्याच्या हाती केवळ ती मोकळी जागा लागते. यास्तव ‘डू द नीडफुल’च्या जागी ‘टेक नेसेसरी अ‍ॅक्शन’ असे लिहिणारा मनुष्य भाषांतर केल्याच्या समाधानात राहतो, परंतु त्याने एका रिकाम्या शब्दसमूहाच्या जागी दुसरा तितकाच रिकामा शब्दसमूह ठेवलेला असतो.

कल्पनेने एक नमुना घेऊ. पुण्याजवळील एक कारखाना यंत्राचे सुटे भाग जर्मनीस पाठवितो, आणि तेथील खरेदीदारास लिहितो : ‘विथ रेफरन्स टू युवर मेल ऑफ इव्हन डेट, प्लीज फाइंड अटॅच्ड द रिवाइज्ड ड्रॉइंग. काइंडली डू द नीडफुल ऑन द सेम अँड रिव्हर्ट. इन्स्पेक्शन इज प्रीपोन्ड बाय टू डेज.’ आपल्या वाचकास यात काहीच अडत नाही. आराखडा तपासून त्यास मंजुरी द्यावी, उत्तर कळवावे, आणि तपासणी दोन दिवस अलीकडे आली आहे, असा सरळ अर्थ तो काढतो.

जर्मन वाचकास पहिलीच अडचण ‘इव्हन डेट’ची येते. आजच्याच तारखेचे पत्र, असा हा कायदेपंडितांचा प्रयोग आहे. सामान्य इंग्रजी शिकलेला मनुष्य त्यात सम तारीख शोधू लागतो. खरा धोका मात्र ‘रिव्हर्ट’ या शब्दात आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर देणे असा रूढ झाला असला, तरी इतरत्र त्याचा प्रमुख अर्थ पूर्वस्थितीस परतणे हाच आहे. जेथे सुधारित आराखड्याचाच विषय चालला आहे, तेथे ‘रिव्हर्ट’ म्हणजे सुधारणा रद्द करून जुनाच आराखडा कायम ठेवा, असा अर्थ कोणी घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. आणि अशी गैरसमजूत माल तयार होईपर्यंत उघडकीस येत नाही, कारण दोन्ही पक्षांना आपल्याला सारे समजले आहे असेच वाटत असते. ज्या शब्दाने वाचक थबकतो, त्याबद्दल तो निदान विचारतो. ज्याचा भलताच अर्थ त्याला सहज लागतो, तो शब्द अधिक घातक, असे माझे मत आहे.

‘प्रीपोन’ची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. हा शब्द अपरिचित असला तरी ‘पोस्टपोन’च्या आधारे त्याचा उलगडा बहुतेकांना होतो, आणि तो केवळ भारतातच कोणाला सुचला असेही नाही, 1913 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका वाचकाने पत्र लिहून हाच शब्द सुचविला होता. मराठी मनुष्यास तो इतका सोयीचा का वाटतो, हेही उघड आहे. आपण बैठक ‘पुढे ढकलतो’ किंवा ‘अलीकडे आणतो’, आणि त्यांत संशयास जागा राहत नाही. इंग्रजीत मात्र ‘मूव्ह फॉरवर्ड’ हा जो पर्याय सुचविला जातो, तो चक्क दुहेरी आहे. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली तर ती कोणत्या वारी होईल, असा प्रश्न लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कार या संशोधकांनी इंग्रजी भाषकांना विचारला होता. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे जवळपास निम्म्यांनी सोमवार सांगितला आणि बाकीच्यांनी शुक्रवार. म्हणून ‘प्रीपोन’ खोडून ‘मूव्ह फॉरवर्ड’ लिहिणे म्हणजे स्पष्ट शब्द टाकून संदिग्ध शब्द पत्करणे होय. ‘अर्लियर’ हा शब्द घालावा, आणि जुनी व नवी अशा दोन्ही तारखा वारासह द्याव्यात. महिनाही अक्षरांत लिहावा, कारण 3/4 ही तारीख अमेरिकेत 4 मार्च ठरते.

आता तेच पत्र असे होईल : ‘प्लीज चेक द अटॅच्ड ड्रॉइंग, व्हर्जन 3, अँड टेल अस बाय मंडे, 16 मार्च, व्हेदर यू अप्रूव्ह इट. द इन्स्पेक्शन विल बी टू डेज अर्लियर : ऑन वेन्सडे, 18 मार्च, इन्स्टेड ऑफ फ्रायडे, 20 मार्च.’ मूळ पत्राशी ताडून पाहिले, तर येथे आराखड्याची आवृत्ती, उत्तराची मुदत, मागितलेली कृती आणि तपासणीच्या दोन्ही तारखा, या सगळ्या गोष्टी नव्याने आल्या आहेत. त्या मूळ मजकुरात नव्हत्या. त्या मिसलीत होत्या, किंवा पाठविणाऱ्याच्या मनात होत्या. म्हणून असे रूपांतर करणाऱ्यास कोशाइतकीच त्या व्यवहाराच्या माहितीची गरज पडते, आणि ती नसेल तर मूळ लेखकास विचारल्यावाचून गत्यंतर नाही. आवश्यक काय ते स्वतःच तर्काने ठरवून लिहिणे हा रूपांतरकाराचा अधिकार नव्हे. कारण ‘मंजुरी द्या’ आणि ‘पाहून ठेवा’ यांत पुढे पैशाचा आणि जबाबदारीचा फरक पडतो.

एक शब्द असा आहे की तो मराठी लेखकाच्या हातून फार सहज निसटतो. आपण ‘मला एक शंका आहे’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा फक्त प्रश्न विचारावयाचा असतो. तीच सवय इंग्रजीत ‘आय हॅव अ डाउट’ होऊन उतरते, आणि समोरच्याला वाटते की आपल्या आकड्यांवर वा सचोटीवर अविश्वास दाखविला जात आहे. तेथे ‘क्वेश्चन’ लिहावे. मात्र आराखड्यातील एखादे माप खरोखरच चुकीचे वाटत असेल, तर नुसत्या ‘क्वेश्चन’नेही भागत नाही; कोणते माप, ते किती दिले आहे आणि किती असावयास हवे होते, हे लिहावे लागते.