ऑनलाइन बाजारात काकवी कोणत्या वर्गात नोंदवावी?

पुण्याच्या मार्केट यार्डात आणलेला गूळ गूळ-भुसार विभागात उतरावा लागतो. तो भाजीपाल्याच्या गाळ्यावर ठेवला, तर माल कितीही उत्तम असला तरी गुळाच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडणार नाही. ऑनलाइन बाजाराचेही असेच आहे. फरक एवढाच, की यार्डात चुकीच्या जागी उतरलेला माल पाहून कोणीतरी आडत्या किंवा हमाल हटकतो. ऑनलाइन बाजारात मात्र अशी नोंद गिऱ्हाइकाच्या शोधातून गुपचूप वगळली जाते, आणि माल विकला का जात नाही हे मालधन्यास कित्येक दिवस उमगत नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाचे क्षेत्र मोठे आहे. दौंड तालुक्यात केडगावच्या परिसरात गुऱ्हाळेही पुष्कळ आहेत. गुळाच्या ढेपेबरोबरच गूळ पावडर आणि बाटलीबंद काकवी करून ती थेट गिऱ्हाइकास विकण्याचा प्रयत्न आता अनेक शेतकरी व बचत गट करीत आहेत. यांपैकी काकवीची नोंद करताना सर्वांत अधिक घोटाळा होतो. यास्तव येथे उदाहरणादाखल असे समजू, की सणसवाडी येथील एका शेतकरी गटास आपली काकवी ॲमेझॉनवर विक्रीस ठेवावयाची आहे.

काकवी म्हणजे नेमके काय, हे प्रथम ठरवावे

उसाचा रस काहिलीत आटवताना त्याचे तापमान साधारणतः १०५ ते १०६ अंश सेल्सिअस झाले असता जो दाट पाक उतरवून घेतात, ती काकवी होय. तोच रस सुमारे ११८ अंशांपर्यंत आटविला म्हणजे त्याचा घट्ट गूळ होतो. अर्थात काकवी हा पातळ गूळच आहे. तो मध नव्हे. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरणारी मळीही नव्हे. आणि औषधही नव्हे. ही तीन नावे येथे मुद्दाम घेतली आहेत, कारण काकवीची नोंद चुकते ती बहुधा या तीन जागींच.

मधाचा वर्ग निवडण्याचा मोह बाटलीच्या आकारामुळे आणि मधाच्या भावामुळे होतो. परंतु मधाची मानके अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वतंत्र ठरविलेली आहेत आणि कराच्या वर्गवारीतही मधाचा एचएसएन क्रमांक ०४०९ हा निराळा आहे. वर्ग मधाचा आणि लेबलावर मात्र ‘काकवी’, अशी विसंगती तपासणीत दिसून येताच नोंद थांबते. मळीचा क्रमांक १७०३ आहे. इंग्रजीत काकवीस मळीचे नाव देणारे पुष्कळजण आढळतात, त्यामुळे ही चूक नकळत होते. गुळाचा क्रमांक १७०१ असला तरी काकवी पातळ असल्यामुळे तिचा क्रमांक आपल्या कर सल्लागाराकडून लेखी निश्चित करून घ्यावा, आणि बिलावर व नोंदीत तोच एक क्रमांक घालावा.

तिसरी चूक अधिक महाग पडते. काकवीत लोह आहे म्हणून ती आरोग्यपूरक पदार्थांच्या वर्गात घातली, की त्या वर्गाचे सर्व नियम तिला लागू होतात. तेथे निराळी कागदपत्रे मागितली जातात, आणि ‘रक्त वाढविते’ अशा स्वरूपाचे एखादे वाक्य वर्णनात असले तर तेवढ्यावरूनही नोंद बंद होऊ शकते.

तेव्हा काकवीची खरी जागा किराणा विभागात, साखर, पाक व गोडी आणणारे पदार्थ यांच्या गटात आहे. ही जागा शोधण्याची सोपी रीत अशी. प्रथम गिऱ्हाइकाप्रमाणे ॲमेझॉनवर `liquid jaggery` असा शोध घ्यावा. व्यवस्थित विकल्या जाणाऱ्या चार-पाच काकव्यांची पृष्ठे उघडावीत. पृष्ठाच्या माथ्यावर विभागापासून उपविभागापर्यंतची वाट लिहिलेली असते, आणि खाली तपशिलात `Best Sellers Rank` या शब्दांपुढे तो माल कोणत्या वर्गात मोजला जातो हे दिलेले असते. बहुतेकांची वाट एकच असेल तर ती टिपून घ्यावी. नंतर नवीन नोंद करताना `Product Type` म्हणून जे पर्याय सुचविले जातात, त्यांतून त्या वाटेशी जुळणारा पर्याय घ्यावा. पहिला आला म्हणून कोणताही पर्याय घेऊ नये.

वर्ग आधी का निवडावयाचा?

आपण निवडलेल्या `Product Type` वरून पुढे कोणते रकाने भरावयाचे आणि त्यांतील कोणते सक्तीचे, हे ठरते. साबणाच्या वर्गात वास विचारला जाईल, काकवीच्या वर्गात घटक आणि टिकण्याचा काळ विचारला जाईल. म्हणून वर्ग चुकला की काही रकाने निरर्थक वाटतात, आणि मनास येईल ते भरले जाते. एखादा सक्तीचा रकाना आपल्या मालास मुळीच लागू पडत नाही असे दिसले, तर तेथे काहीतरी भरण्यापूर्वी आपण योग्य वर्गात आहोत ना, हे पुन्हा पाहावे.

वर्गाचा संबंध परवानगीशीही आहे. ज्यांच्या बाटलीवर जीएस१ संस्थेचा बारकोड नाही (भारतात घेतलेला असा बारकोड ८९० ने सुरू होतो), त्यांना बारकोडातून सूट मागावी लागते. ही सूट एका ठराविक ब्रँडसाठी व एका ठराविक वर्गासाठी मिळते. आपल्या गटाने किराणा वर्गासाठी सूट घेतली आणि नोंद आरोग्याच्या वर्गात केली, तर हातची सूट तेथे चालत नाही. सूट मागताना ब्रँडचे नाव लेबलावर जसे छापले असेल अक्षरशः तसेच लिहावे. एका जागेचा किंवा अक्षराचा फरकही ते दुसरे नाव ठरवितो.

अन्नपदार्थ म्हटला की १४ अंकी अन्नसुरक्षा परवाना अथवा नोंदणी क्रमांक लागतोच. परंतु क्रमांक असणे एवढेच पुरेसे नाही. त्या कागदावर कोणते अन्नवर्ग मंजूर आहेत तेही वाचावे. गटाने पूर्वी मसाल्यासाठी नोंदणी घेतली असेल तर तीत काकवी येत नाही. मधासह सर्व गोडी आणणारे पदार्थ अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या यादीत ११ व्या वर्गात आहेत. तो वर्ग प्रथम आपल्या कागदावर वाढवून घ्यावा.

रकाने लेबलावरून भरावेत

सर्व रकाने भरताना छापलेले लेबल समोर ठेवावे आणि स्मरणावर विसंबू नये. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे १ जानेवारी २०१८ पासून उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत इत्यादी माहिती ऑनलाइन पृष्ठावरही दाखविणे आवश्यक झाले आहे. म्हणूनच नोंदीत हे रकाने सक्तीचे असतात. लेबलावर एक पत्ता व रकान्यात दुसरा, असे होऊ देऊ नये.

निव्वळ वजनाच्या रकान्यात काकवीवाल्यांची हमखास चूक होते. बाटली ५०० मिलीची म्हणून तेथे ‘५०० मिली’ असे लिहितात. परंतु दाट व चिकट पदार्थांचे परिमाण नियमाप्रमाणे वजनात द्यावयाचे असते. शिवाय काकवी पाण्याहून बरीच जड आहे. रिकामी बाटली तोलावी, भरलेली तोलावी, आणि वजाबाकी करावी. आपल्या उदाहरणातील गटाची रिकामी बाटली ४० ग्रॅमची व भरलेली ६९० ग्रॅमची निघाली, असे धरू. निव्वळ काकवी ६५० ग्रॅम झाली. तेच लेबलावर छापावे आणि नोंदीत पुढीलप्रमाणे भरावे.

```
unit_count: 650
unit_count_type: Gram
number_of_items: 1
country_of_origin: India
```

दोन बाटल्यांची जोडी एकत्र विकावयाची असल्यास `number_of_items` पुढे 2 आणि `unit_count` पुढे एकूण वजन म्हणजे 1300 लिहावे. गिऱ्हाइकास दिसणारा दर ग्रॅमचा भाव याच आकड्यांवरून निघतो.

मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुभ्र पांढरी असावी, आणि चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग बाटलीने व्यापलेला असावा. उसाचे कांडे, हळदीकुंकू, ‘शुद्ध’ अशी मोठी अक्षरे यांतील काहीही त्या चित्रात नको. मुख्य चित्र नसणे किंवा नियमात न बसणे, हे नोंद दडपली जाण्याचे फार सामान्य कारण आहे. लेबलाच्या मागील बाजूचे स्पष्ट चित्र दुय्यम चित्रांत द्यावे.

नोंद दडपली आहे हे कसे ओळखावे?

आपल्या खात्यात माल शिल्लक दिसतो, किंमत दिसते, म्हणून नोंद चालू आहे असे समजू नये. दुसऱ्याच्या फोनवरून, आपल्या खात्याबाहेर राहून, मालाचे नाव घालून शोध घ्यावा. नंतर त्या नोंदीचा दहा अक्षरी `ASIN` क्रमांक घेऊन तिचे पृष्ठ थेट उघडावे. पृष्ठ उघडते पण नावाने शोध घेतला असता कोठेच आढळत नाही, तर नोंद दडपली गेली असण्याचा संभव आहे. मग `Manage All Inventory` या पृष्ठावर `Search Suppressed` ही यादी पाहावी. कोणता दोष आहे तो तेथे लिहिलेला असतो. फाईल चढविताना `90220` असा क्रमांक आल्यास एखादा सक्तीचा रकाना रिकामा राहिला आहे असे समजावे. रकान्याचे नाव त्याच ओळीत असते.

दोष एखाद्या रकान्याचा असेल तर तो भरून जतन करावा. वर्गच चुकला असेल तर घाईने दुसरी नवी नोंद करू नये. एका मालाच्या दोन नोंदी ठेवणे नियमाबाहेर आहे, आणि त्यामुळे पहिली नोंद सुधारण्याचे कामही अडते. विक्रेता साहाय्याकडे वर्ग बदलण्याची विनंती करावी, आणि सोबत लेबलाचे चित्र व योग्य वर्गातील तशाच मालाचा `ASIN` द्यावा.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांस सांगितले, की घरपोच देतेवेळी अन्नपदार्थाचा किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस इतका काळ शिल्लक असावा. सहा महिने टिकणारी काकवी दोन महिने दडपलेल्या नोंदीत पडून राहिली, तर उरलेल्या चार महिन्यांतील शेवटचे सुमारे दीड महिना तसेही विक्रीस चालत नाहीत, आणि हाती जेमतेम अडीच महिने राहतात. यास्तव नोंद चढविल्यापासून पहिल्या आठवड्यात दररोज एकदा, आणि पुढे दर सोमवारी, ही यादी उघडून पाहण्याचे काम गटातील एका व्यक्तीकडे सोपवून द्यावे. बाटल्यांची पहिली खेप लहान ठेवावी. नोंद शोधात व्यवस्थित दिसू लागल्यावरच पुढील काहील काकवीसाठी उतरवावी.