आधी गुणांचा तक्ता, मग थर्माकोल

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक शाळेत आलं की बहुतेक ठिकाणी विषयाआधी थर्माकोल ठरतो. 'छतावरच्या पावसाचं पाणी साठवणं' हा हमखास येणारा विषय घ्या. हिरवा रंग दिलेला थर्माकोल, त्यावर पुठ्ठ्याचं घर, स्ट्रॉचा पाइप आणि खाली प्लास्टिकची टाकी. मुलं वरून पाणी ओततात, ते खाली येतं. पाणी वरून खाली येतं हे परीक्षकांना आधीच ठाऊक असतं. मेहनत भरपूर होते, पण गुण फारसे पदरात पडत नाहीत.

याच विषयावर पोस्टर, अहवाल किंवा नाटिकाही करता आली असती. यातलं काय निवडावं हे दोन गोष्टींवरून ठरवायचं: परीक्षक कशाला किती गुण देणार आहेत आणि आपल्या हातात किती दिवस आहेत.

शालेय विज्ञान प्रदर्शनांसाठी एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुणांची विभागणी सुचवलेली आहे. मुलांची स्वतःची कल्पकता 20, नावीन्य 15, वैज्ञानिक विचार 15, हातातलं कौशल्य 15, सामान्य माणसाला होणारा उपयोग 15, कमी खर्च, टिकाऊपणा आणि ने-आण करण्याची सोय मिळून 10, आणि सादरीकरण 10. देखण्या मांडणीला यात फार थोडी जागा आहे. बाजारातून तयार आणलेल्या मॉडेलला तर कल्पकता, नावीन्य आणि कौशल्य या तिन्हींत, म्हणजे 50 गुणांत, फटका बसतो. आपल्या स्पर्धेचा तक्ता थोडा वेगळा असू शकतो, म्हणून तो मागून घ्यावा आणि मुलांसमोर ठेवावा.

आता विषयाकडे पाहू. पाणी साठवण्याच्या या विषयात खरं तर चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली यंत्रणेची. उन्हाळाभर छतावर धूळ, पाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा साचते, म्हणून पहिल्या सरीचं पाणी टाकीत न घेता बाजूला काढावं लागतं. ते आपोआप कसं काढायचं हे हलताना दाखवावं लागतं, म्हणजे इथे मॉडेल हवं. दुसरी हिशेबाची. 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळतं. शाळेचं छत 200 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर असेल तर 1,40,000 लिटर झाले. उडून जाणारं, सांडणारं पाणी वजा करून त्यातलं 80 टक्के धरलं तरी 1,12,000 लिटर उरतात. शाळेला वर्षाला पाणी किती लागतं तो आकडा याच्या शेजारी मांडला की उत्तम पोस्टर होतं. तिसरी मोजणीची. पावसाळाभर पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवून छतावरून प्रत्यक्षात किती पाणी आलं ते तपासलं, तर त्याचा अहवाल होतो. चौथी माणसांची. दुष्काळी गावात पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या म्हटलं की घरात वाद पेटणारच. आजीला तो अपराध वाटेल आणि सुनेला पोराच्या पोटाची काळजी असेल. हा प्रसंग मॉडेलमध्ये मावत नाही, त्याला नाटिकाच हवी.

समजा आठवीच्या चार मुलांकडे दहा दिवस आहेत आणि स्पर्धेत वर दिलेला तक्ता लागू आहे. अहवाल लगेच बाद होतो, कारण पावसाळाभराच्या नोंदी दहा दिवसांत आणायच्या कुठून? राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसारख्या ठिकाणी मात्र तोच पहिली पसंती ठरला असता, कारण तिथे स्थानिक प्रश्नाची मुलांनी स्वतः केलेली पाहणी आणि तिच्या नोंदी यांनाच महत्त्व असतं. नाटिकेला तालमीसाठी सगळी मुलं एकाच वेळी मोकळी हवीत, आणि या तक्त्यात कौशल्याचे 15 गुण तिला मिळवता येणार नाहीत. विज्ञान नाट्योत्सवात गणित वेगळं असतं. पोस्टर दोन-तीन दिवसांत होईल, पण तेही कौशल्याच्या रकान्यात मागे पडतं. उरतं मॉडेल, तेही अख्ख्या घराचं नको. फक्त पहिलं पाणी वेगळं करणारा भाग पुरे.

तो असा करता येतो. 1 लिटरची पारदर्शक बाटली घेऊन तिचा तळ कापायचा, आत टेबल टेनिसचा चेंडू टाकायचा आणि तळ परत बसवून सिलिकॉनने चिकटवायचा. तळाला सुईने बारीक छिद्र पाडायचं. बाटली उभी ठेवून तिच्या तोंडावर टी-जोड बसवायचा आणि त्याची आडवी नळी बरणीत सोडायची. गढूळ पाणी सावकाश ओतलं की आधी बाटली भरते. पाण्याबरोबर चेंडू वर येतो, निमुळत्या गळ्याशी जाऊन बसतो आणि वाट बंद करतो. त्यानंतर ओतलेलं स्वच्छ पाणी आडव्या नळीतून बरणीत जातं. पाऊस थांबल्यावर छिद्रातून बाटली हळूहळू रिकामी होते आणि चेंडू पुन्हा खाली येतो. पहिला साधारण 1 मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा असं धरलं, तर ही बाटली बरोबर 1 चौरस मीटर छताची होते. 'शाळेला किती लागेल?' असं परीक्षकांनी विचारलं की मुलं 200 लिटर असं सांगू शकतात आणि ते कसं आलं हेही.

यात बिघडतं काय? छिद्र मोठं झालं तर बाटली भरतच नाही आणि चेंडू तळाशी राहतो. पाणी धसमुसळेपणाने ओतलं तर बाटली भरायच्या आत गढूळ पाणी बरणीत उडी मारतं. चेंडू तिरका बसला तर बाटलीतला गाळ बरणीत मिसळत राहतो. बरणीतलं पाणी किती गढूळ आहे हीच यंत्रणा चालल्याची कसोटी, म्हणून बरणीमागे पांढरा कागद लावावा.

वेळापत्रक शेवटाकडून मागे आखायचं. नववा दिवस मॉडेल खोक्यात भरून, वर्गाबाहेर नेऊन पुन्हा जोडून पाहण्यासाठी ठेवायचा, कारण प्रवासात जोड निखळतात. सिलिकॉन पक्कं व्हायला चोवीस तास द्यावे लागतात आणि पहिली बाटली गळणारच असं धरून चालावं, म्हणजे चिकटवणं दोनदा करावं लागेल. म्हणून पहिली बाटली तिसऱ्या दिवशी चिकटवून झालेली असायला हवी. सातव्या दिवसापर्यंत ती सलग पाच वेळा नीट चालली नाही, तर मॉडेलचा हट्ट सोडून पोस्टर हाती घ्यावं. छताचा हिशेब तोवर झालेलाच असतो आणि न चाललेली बाटली 'आम्ही काय करून पाहिलं' म्हणून पोस्टरशेजारी ठेवता येते.

मॉडेल चाललं तरी शेजारी एक छोटा तक्ता हवाच. त्यावर छताचं माप, 1,12,000 लिटरचा हिशेब आणि मॉडेलचा खर्च एवढंच लिहावं, तेही दोन मीटरवरून वाचता येईल अशा अक्षरांत. परीक्षकांची काही मिनिटं मुलांनी बाटलीवर खर्च करावीत, पाठ केलेल्या भाषणावर नव्हे. दहापैकी दहा गुण मिळवून देणारं भाषण आलं तरी उरलेले 90 त्या बाटलीकडेच आहेत.