रेझ्युमेतली मॉडेलची ओळ

इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाचे पेपर रेझ्युमेत नेमके लिहावेत: 'सीएस१ उत्तीर्ण', महिना-वर्षासह. निकाल यायचा असेल तर तसं स्पष्ट म्हणावं. सीएस१चा एक भाग संगणकावर 'आर'मध्येच सोडवायचा असतो, म्हणून नुसतं 'आर येतं' लिहून फारसं काही वाढत नाही.

खरी कसोटी मॉडेलच्या ओळीची. 'मोटार विम्याच्या दाव्यांचं मॉडेल केलं' यातून काय कळणार? त्याऐवजी ही ओळ पाहा: 'दाव्यांच्या संख्येसाठी पॉयसाँ जीएलएम, पॉलिसीचा कालावधी `offset(log(exposure))` ने धरला, बाजूला ठेवलेल्या डेटावर तपासलं.' यातला मधला तुकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तीन महिने चाललेली पॉलिसी वर्षभराची मानली, तर नव्या ग्राहकांची जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते आणि त्यांचा हप्ता चुकीचा ठरतो.